सुया, कागद आणि जाळी : एस्प्रेसोला नेमका कशाचा उपयोग होतो?

एस्प्रेसोत पाण्याला फार थोडा वेळ मिळतो. सुमारे १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी धातूच्या भोकांच्या बास्केटमध्ये भरून दाबली जाते, तिच्यातून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी ढकलले जाते आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ते ४० ग्रॅम पेय कपात उतरते. दाबलेल्या पुडीच्या या चकतीला ‘पक’ म्हणतात. चकतीची जाडी जेमतेम सव्वा सेंटिमीटर असते. एवढ्या अंतरात पाण्याने पुडीच्या प्रत्येक भागातून सारख्या वेगाने जावे, ही अपेक्षा. प्रत्यक्षात चकतीत एखादी जागा जरा सैल राहते, पाणी तिथून भराभर निघून जाते, त्या वाटेवरची पूड जास्त धुतली जाते आणि आजूबाजूची कोरडीठाक नसली तरी अर्धवट राहते. बांधाला लहानसे भगदाड पडले की पाणी तेच रुंदावत नेते, तसेच इथे होते. कॉफीवाले याला ‘चॅनलिंग’ म्हणतात. अशा शॉटमध्ये कडूपणा आणि झोंबरा आंबटपणा एकाच घोटात लागतो, कारण कपात एकाच वेळी जास्त उतरलेली आणि कमी उतरलेली अशी दोन्ही कॉफी असते.

घरी एस्प्रेसो करणाऱ्यांच्या ओट्यावर गेल्या काही वर्षांत आलेली तीन साधने याच दोषावर उपाय म्हणून विकली जातात : पूड मोकळी करायच्या बारीक सुया, बास्केटच्या तळाशी किंवा पुडीवर ठेवायचा गोल फिल्टर कागद आणि पुडीवर ठेवायची स्टीलची जाळी, म्हणजे पक स्क्रीन. तिघांची जाहिरात जवळपास सारखी असली तरी कामे वेगळी आहेत. सुया चकती एकसारखी करतात. कागद पाण्याच्या वाटेतला अडथळा बदलतो. जाळीचे मुख्य काम स्वच्छतेचे आहे. चवीबाबतचे तिचे श्रेय बरेचसे उधारीचे आहे.

सुयांची पद्धत अमेरिकेतल्या जॉन वाइस यांनी २००५ मध्ये मांडली. त्यांच्याच नावावरून तिला ‘वाइस डिस्ट्रिब्यूशन टेक्निक’, थोडक्यात डब्ल्यूडीटी म्हणतात. त्या काळच्या घरगुती ग्राइंडरमधून पूड गुठळ्या होऊन पडत असे. वाइस यांनी तळ कापलेला दह्याचा प्लास्टिकचा कप बास्केटवर नरसाळ्यासारखा ठेवला आणि टोकदार सुईने पूड ढवळून गुठळ्या फोडल्या. दाबण्याच्या दट्ट्याने, म्हणजे टॅम्परने, गुठळी फुटत नाही. ती फक्त चेपली जाते आणि चकतीत एक घट्ट खडा होऊन बसते. पाणी त्याला वळसा घालून जाते. म्हणून गुठळी दाबण्याआधीच मोडावी लागते.

आज विकत मिळणाऱ्या साधनात सहा ते नऊ सुया असतात. सुयांची जाडी इथे सगळ्यात महत्त्वाची. ०.३ ते ०.४ मिलिमीटरची सुई पुडीतून जाते तेव्हा मागे चर ठेवत नाही. टूथपिक किंवा स्वयंपाकघरातली जाड सळई मात्र पूड नांगरते, आणि जी पोकळी टाळायची तीच तयार करते. बाटलीच्या बुचात ॲक्युपंक्चरच्या सुया खोचून केलेले साधन महागड्या साधनाइतकेच काम देते. चकचकीत लाकडी मूठ पुडीला दिसत नाही.

कृती सोपी असली तरी तिला क्रम आहे. बास्केटवर कडे बसवायचे, पूड ओतायची, सुया थेट तळापर्यंत न्यायच्या आणि लहान लहान वर्तुळे काढत कडेपासून मध्यापर्यंत फिरायचे. मग हळूहळू वर येत शेवटी पृष्ठभाग समतल करायचा. बास्केट ओट्यावर एकदा हलकेच आपटायची आणि टॅम्पर सरळ धरून दाबायचा. पंधरा सेकंदांचे काम. बहुतेकांची चूक अशी की ते वरचे अर्धा सेंटिमीटरच विंचरतात. वरून पूड मखमली दिसते, पण गुठळ्या तळाशी तशाच राहतात. ढवळताना हात एकाच बाजूला जड पडला तर पूड तिकडे साठते आणि चकती एका अंगाला दाट होते.

सुयांचा उपयोग झाला की नाही हे पाहण्याची जागा म्हणजे तळ कापलेले, ‘बॉटमलेस’ पोर्टाफिल्टर. चांगल्या शॉटमध्ये पहिले थेंब जवळजवळ सगळ्या भोकांतून एकदम दिसतात, मग ते मध्याकडे सरकून एक धार होते. बिघडलेल्या शॉटमध्ये एक बाजू बराच वेळ कोरडी राहते, दुसरीकडे फिकट पिवळी रेघ लवकर सुटते आणि मधूनच सुईसारखी पिचकारी ओट्यावर उडते. त्याहून भरवशाची खूण वजनकाट्यावर मिळते. पूड तीच, दळण तेच, तरी एक शॉट २२ सेकंदांत आणि पुढचा ३३ सेकंदांत उतरत असेल, तर चकती दर वेळी वेगळी बनते आहे. सुया नीट वापरल्यावर हे अंतर दोन-तीन सेकंदांवर येते. डब्ल्यूडीटीचा सर्वात मोठा आणि सर्वात कमी वादाचा फायदा हाच : एखादा कप अप्रतिम होतो असे नाही, पण वाईट कप कमी होतात. आणि शॉट दर वेळी सारखा येऊ लागला की दळण बदलल्याचा परिणामही खात्रीने कळतो. आधी तो गोंधळात हरवत असतो.

ग्राइंडरमधून पूड मोकळी, भुसभुशीत पडत असेल तर सुयांना फारसे काम उरत नाही. कॅफेतले मोठे ग्राइंडर बहुधा असेच असतात, त्यामुळे सकाळच्या गर्दीत प्रत्येक कपामागे पंधरा सेकंद घालवायला तिथले लोक तयार नसतात, आणि ते योग्यच आहे. झाकणाच्या डबीत पूड घेऊन जोरात हलवून ओतणे हाही गुठळ्या मोडायचा एक मार्ग आहे. गुठळ्या आणि विखुरणे यांमागे दळताना तयार होणारी स्थिर वीजही असते. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचे एक-दोन थेंब शिंपडले की ती कमी होते. कोरड्या हवेच्या दिवसांत हा फरक लगेच दिसतो : पूड ग्राइंडरच्या तोंडाला चिकटून राहत नाही.

कागदाची गोष्ट जास्त रंजक आहे, कारण त्यात फायदा खरा असला तरी तो आपोआप मिळत नाही. तळाशी कागद ठेवल्यावर दोन गोष्टी होतात. बास्केटच्या तळाला काही शे भोके असतात, प्रत्येक भोक साधारण ०.३ मिलिमीटरचे. दळणातली अगदी बारीक धूळ आणि तिच्यावर चेपलेले कण ही भोके अंशतः बुजवतात. कागद त्यांना भोकांपर्यंत पोहोचू देत नाही. दुसरे असे, की भोकांच्या मधल्या पट्ट्यांवर बसलेल्या पुडीतून पाण्याला सरळ खाली जायला वाटच नसते. तिथले पाणी जवळच्या भोकाकडे वळते आणि पट्टीवरची पूड नीट धुतली जात नाही. कागद सच्छिद्र असल्याने पाणी त्याच्यातून आडवे सरकू शकते, त्यामुळे चकतीचा अगदी तळचा थरही कामाला लागतो.

याचा पहिला दृश्य परिणाम म्हणजे शॉट वेगाने उतरतो. इथेच बहुतेक तुलना फसतात. समजा, लाइट रोस्टची १८ ग्रॅम पूड आहे, ३० सेकंदांत ४० ग्रॅम पेय निघते आणि रिफ्रॅक्टोमीटर त्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण ९ टक्के दाखवतो. म्हणजे कपात ३.६ ग्रॅम कॉफी विरघळली. १८ ग्रॅमपैकी २० टक्के. आता बाकी काहीही न बदलता तळाशी कागद ठेवला तर तोच शॉट २३-२४ सेकंदांत संपेल. पाण्याला वेळ कमी मिळाला, म्हणून पेय कदाचित पातळ आणि अधिक आंबट लागेल, आणि करणारा म्हणेल की कागदाने कॉफी बिघडवली. तो चुकीचा प्रश्न विचारतो आहे. कागदामुळे वाटेतला अडथळा कमी झाला, तेव्हा दळण तेवढे बारीक करून वेळ पुन्हा ३० सेकंदांवर आणायची. बारीक दळणात पाण्याला पुडीचा अधिक पृष्ठभाग मिळतो. त्यानंतर रिफ्रॅक्टोमीटरने ९.४ टक्के दाखवले, तर हिशेब ३.७६ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास २१ टक्क्यांचा होतो. एका टक्क्याचा हा फरक लाइट रोस्टमध्ये जिभेला कळतो : आंबटपणाची धार जाते आणि गोडवा पुढे येतो. थोडक्यात, कागद स्वतः चव सुधारत नाही. तो बारीक दळायची मुभा देतो. ज्याचा ग्राइंडर त्याहून बारीक नीट दळू शकत नाही, त्याला ही मुभा उपयोगाची नाही.

या बदल्यात काहीतरी सोडावेही लागते. कागद कॉफीतल्या तेलाचा आणि तरंगत्या बारीक कणांचा काही भाग अडवतो. पेय स्वच्छ, चवी सुट्या सुट्या, पण अंगाने हलके होते आणि वरची क्रेमा थोडी पातळ पडते. फुलांचा, लिंबाचा, फळांचा सुगंध असलेल्या लाइट रोस्टमध्ये हा सौदा परवडतो. इटालियन पद्धतीच्या गडद, जड एस्प्रेसोत मात्र जे हवे तेच गाळून टाकल्यासारखे होते. अशा मिश्रणांत भारतीय रोबस्टा वापरला जातो तो दाट अंगासाठी आणि जाड क्रेमासाठी. त्याच्याखाली कागद घालणे म्हणजे पैसे देऊन घेतलेला गुण परत करणे.

कागद बसवण्याची कटकट कमी लेखू नये. तो बास्केटच्या तळाएवढा हवा, म्हणजे सगळी भोके झाकली जातील पण कड वर मुडपणार नाही. एरोप्रेसचा कागद ५८ मिलिमीटरच्या बास्केटसाठी मोठा पडतो. तो कापून घ्यावा लागतो. कागद आधी ओला करून तळाला चिकटवायचा. कोरडा ठेवला तर पूड ओतताना तो सरकतो. त्यानंतर डब्ल्यूडीटी करायचे तर सुया तळाला टेकवायच्या नाहीत, नाहीतर एखादी सुई कागदाची कड उचलते आणि खाली पूड शिरते. हे शॉटनंतर तपासता येते. चकती बाहेर काढली की कागद तिच्या तळाला चिकटून येतो. त्याची बास्केटकडची बाजू सर्वत्र सारखी तपकिरी असेल तर ठीक. कडेला दाणे चिकटले असतील किंवा घडी पडली असेल तर त्या शॉटवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

पुडीच्या वर ठेवलेला कागद निराळे काम करतो. त्याने दळण बारीक करायची मुभा मिळत नाही. वरून पडणाऱ्या पाण्याच्या माऱ्यापासून तो पृष्ठभाग वाचवतो. पक स्क्रीनही हेच करते, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करणे सोयीचे.

पक स्क्रीनमुळे पाणी पुडीवर सारखे पसरते, हा विक्रेत्यांचा मुख्य दावा आहे. तो तपासायला शॉटच्या सुरुवातीचे काही क्षण पाहावे लागतात. पुडीचा माथा आणि मशिनची फवारा-जाळी यांच्यात थोडी मोकळी जागा असते. पंप सुरू झाल्यावर आधी ही जागा पाण्याने भरते. ती भरली आणि दाब चढला की पुडीच्या माथ्यावर सगळीकडे दाब सारखाच असतो. मग पाणी कुठल्या भोकातून आले याला महत्त्व उरत नाही, खालची चकती कशी आहे यालाच असते. म्हणजे जाळी जे काही सुधारू शकते ते फक्त त्या भरण्याच्या क्षणांत. मशिनची फवारा-जाळी चांगली असेल आणि पाणी सुरुवातीला हळू येत असेल, तर सुधारायला फारसे काही नसते. फवारा-जाळी अर्धी चोंदलेली असेल किंवा पाणी एका जागी धार धरून पडत असेल, तर पुडीवर खड्डा पडतो आणि तिथे जाळीचा खरा उपयोग होतो. मात्र अशा वेळी आधी फवारा-जाळी उघडून घासावी, हे जास्त शहाणपणाचे. हाताने दाब देण्याच्या काही मशिनांत वरून पाणी थेट ओतायचे असते. कॅफेलॅट रोबोटसारख्या मशिनबरोबर पुडीवर ठेवायची जाळी म्हणूनच येते. तिथे ती चैनीची वस्तू नाही, मशिनचाच भाग आहे.

जाळीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. बाजारात सर्रास मिळणारी १.७ मिलिमीटर जाडीची जाळी ५८ मिलिमीटरच्या मापात सुमारे २५ ग्रॅम भरते. एवढे स्टील तापवायला साधारण ३ ग्रॅम पाण्याएवढी उष्णता लागते. ऐकायला थोडी वाटते. पण जाळी ओट्यावर २८ अंशांना पडून असेल आणि पुडीवर येणारे पहिले २० ग्रॅम पाणी ९२ अंशांचे असेल, तर तिने आपला पूर्ण वाटा घेतल्यावर ते पाणी ८४ अंशांच्या आसपास येते. पूर्ण शॉटवर सरासरी काढली तर घट तीनेक अंशांची होते. डार्क रोस्टला ही घट चालते, कधी कधी मानवतेही, कारण त्याचा कडूपणा कमी होतो. लाइट रोस्ट मात्र आधीच कष्टाने विरघळतो. त्याला थंड जाळी नुकसानच करते. उपाय साधा आहे : जाळी मशिनच्या तापलेल्या माथ्यावर ठेवावी किंवा गरम पाण्यातून काढून लगेच वापरावी. पाव मिलिमीटरच्या आसपासची पातळ जाळी किंवा वरचा कागद घेतला तर हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

दुसरी अडचण जागेची. जाड जाळीने वरची मोकळी जागा खाल्ली की पूड कमी करावी लागते, बहुधा एक ग्रॅमभर. हे आधी कोरडे तपासावे. पूड दाबून, जाळी ठेवून पोर्टाफिल्टर मशिनला लावायचे आणि पाणी न सोडता काढायचे. जाळी एका बाजूने पुडीत रुतलेली किंवा सरकलेली दिसली तर जागा अपुरी आहे. तसाच शॉट काढला तर कडेला चकतीला तडा जातो, आणि चॅनलिंग टाळायला आणलेली वस्तूच ते घडवते.

जाळीचा निर्विवाद फायदा स्वच्छतेचा. शॉट संपला की अनेक मशिनांतली झडप उरलेला दाब मागे सोडते आणि त्या झटक्यात ओली पूड वर फवारा-जाळीपर्यंत खेचली जाते. तिथे ती चिकटून खवट होते. पक स्क्रीन हे बरेचसे रोखते. पण मळ नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. आता जाळी साफ करायची. प्रत्येक शॉटनंतर ती धुवावी लागते आणि अधूनमधून मशिन साफ करायच्या पावडरच्या गरम पाण्यात भिजवावी लागते. उजेडाकडे धरून पाहिले तर काळे ठिपके दिसतात. ती बंद झालेली छिद्रे. न धुतलेल्या जाळीतून येणारा शिळ्या तेलाचा वास पहिल्या घोटातच ओळखू येतो.

कोणत्या शॉटला काय लागते हे आता ठरवता येते. लाइट रोस्ट, १८ ग्रॅमला ४५ ते ५० ग्रॅमपर्यंत लांबवलेला शॉट, बारीक दळण : इथे चकतीतली प्रत्येक चूक मोठी होऊन दिसते, म्हणून सुया जवळपास आवश्यक आणि तळचा कागद सर्वात फायद्याचा. याउलट मध्यम ते डार्क रोस्टचा नेहमीचा १८ ला ३६ शॉट सहज विरघळतो. तिथे सुयांनी सातत्य मिळते, कागदाने अंग जाते. आखूड, दाट रिस्ट्रेटोत कागद नकोच.

एक वेगळाच मार्ग २०२० च्या एका अभ्यासाने दाखवला. ऑरेगन विद्यापीठातले ख्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॅटर’ या नियतकालिकात मांडले, की दळण एका मर्यादेपलीकडे बारीक केले तर कॉफी जास्त उतरण्याऐवजी कमी उतरते आणि शॉट एकमेकांसारखे येत नाहीत, कारण पाणी चकतीच्या काही भागांतूनच वाहू लागते. त्यांचा उपाय दळण जाड करायचा आणि पूड १५ ग्रॅमपर्यंत कमी करायचा होता. यातून पुढे ‘टर्बो शॉट’ लोकप्रिय झाला : जाडसर दळण, कमी दाब, पंधरा सेकंदांच्या आसपास वेळ. जाड दळणात गुठळ्या कमी, भोके बुजण्याची भीती कमी. म्हणून या शॉटला कागदाने फारसे काही मिळत नाही. पाणी आधीच वेगाने जात असते. चकतीतला दोष साधने वाढवून झाकायचा, की दोष कमी होईल असे दळण निवडायचे, हा पर्याय कागद विकत घेण्याआधी करून पाहण्यासारखा आहे. त्याला खर्च नाही.

दुधाच्या पेयांत हिशेब आणखी बदलतो. ३६ ग्रॅम एस्प्रेसोवर दीडशे मिलिलिटर दूध आले की एक टक्क्याचा फरक ओळखणे कठीण. बिघडलेल्या शॉटचा कडूपणा मात्र दुधातूनही वर येतो. म्हणून कॅपुचिनो पिणाऱ्या घरात सुया पुरतात.

भारतात अनेक घरांत असलेल्या लहान मशिनांबरोबर दुहेरी तळाची बास्केट येते. तिच्या आतल्या तळाला पुष्कळ भोके असतात, बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक. दाब त्या एका भोकामुळे तयार होतो, पुडीमुळे नाही, आणि फेसही तिथेच होतो. अशा बास्केटमध्ये सुया, कागद किंवा जाळी घालून कपात जवळजवळ काहीच बदलत नाही, कारण चकतीवर काही अवलंबूनच नसते. तिथे आधी एकेरी तळाची बास्केट घ्यावी लागते आणि तिला पुरेल इतके बारीक दळणारा ग्राइंडर. मापही पाहावे लागते : या मशिनांच्या बास्केट बहुधा ५१ किंवा ५४ मिलिमीटरच्या असतात आणि ५८ च्या मापाची जाळी त्यांत उतरतही नाही.